हवामान परिषदेचा निर्णय कसा वाचायचा: बाकूच्या ३०० अब्ज डॉलरचं उदाहरण

हवामान परिषद संपते त्या रात्री एक आकडा जगभर जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अझरबैजानच्या बाकू शहरात तो होता वर्षाला ३०० अब्ज डॉलर. २०३५ पर्यंत श्रीमंत देश गरीब देशांना हवामानासाठी इतका पैसा मिळवून देतील, असं ठरलं. आधीच्या १०० अब्जांच्या तिप्पट, म्हणून काहींनी टाळ्या वाजवल्या. त्याच सभागृहात भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी या निर्णयाला दृष्टिभ्रम म्हटलं. एकाच कागदाबद्दल ही दोन टोकं कशी, हे बातमीतून कळत नाही. त्यासाठी मूळ निर्णय उघडावा लागतो.

पर्यावरणाच्या बातम्या करता करता मी हे कागद वाचायला शिकले. ते अवघड आहेत, कारण तीस वर्षांची भांडणं वाचणाऱ्याला ठाऊक आहेत असं धरूनच ते लिहिलेले असतात. तुम्ही नवे पत्रकार असाल, स्पर्धा परीक्षेची तयारी करत असाल, शिकवत असाल किंवा एखाद्या संस्थेकडून पुढच्या परिषदेला जाणार असाल, तर खालच्या क्रमाने जा.

जवळ काय ठेवायचं

- १९९२ चा संयुक्त राष्ट्रांचा हवामान आराखडा करार. त्यातलं कलम ३, कलम ४ आणि शेवटची दोन परिशिष्टं पुरेत.
- २०१५ चा पॅरिस करार. पैशासाठी कलम ९ वाचा.
- बाकूचा पैशाबद्दलचा निर्णय. unfccc.int वर `1/CMA.6` असं शोधा.
- अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन. परिषद चालू असताना रोज कोण काय बोललं याचा हा मोफत गोषवारा असतो.
- कागद आणि पेन्सिल. गंमत नाही, प्रत्येक वाक्याचा कर्ता वेगळा लिहून काढायचा आहे.

आकड्यांबद्दल एक सूचना आत्ताच. एक अब्ज म्हणजे १०० कोटी. इंग्रजी बातमीतला एक ट्रिलियन म्हणजे १,००० अब्ज, म्हणजेच एक लाख कोटी. डॉलरचे आकडे घाईत मराठीत आणताना इथे हमखास चूक होते. सगळं अब्जांतच लिहा, म्हणजे तुलना करता येते.

पायरी १: कुणाला काय टाळायचंय, ते आधी ओळखा

सोलापुरात जाळलेल्या कोळशाचा धूर आणि टेक्ससमध्ये जाळलेल्या तेलाचा धूर एकाच वातावरणात मिसळतो. एका देशाने खर्च करून उत्सर्जन कमी केलं तर त्याचा फायदा सगळ्या जगाला वाटला जातो, खर्च मात्र त्या एकट्याचा. म्हणून प्रत्येकाला वाटतं की इतरांनी आधी करावं. जो काहीच करत नाही त्यालाही इतरांच्या खर्चाचा लाभ फुकट मिळतो, आणि त्याला भाग पाडणारी सत्ता देशांच्या वर कुठेही नाही.

हे कागदोपत्री तत्त्वज्ञान नाही. उत्सर्जन कमी करण्याचा क्योटो करार १९९७ च्या डिसेंबरात झाला, पण त्याआधीच जुलैमध्ये अमेरिकेच्या सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर अमेरिकेने असा करार करू नये. अमेरिकेने क्योटोला मान्यता दिलीच नाही. कॅनडाने दिली होती, पण २०११ मध्ये त्याने बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. कुणालाही शिक्षा झाली नाही.

पैशाच्या वाटाघाटीतही हाच तिढा आहे आणि तो सहसा दिसत नाही. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी मिळून २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलरचं वचन दिलं. पण त्यात कुणाचा वाटा किती, हे कधीच ठरलं नाही. वचन सगळ्यांचं, म्हणून चुकल्यावर जबाबदार कुणीच नाही. ओबामांच्या काळात अमेरिकेने गरीब देशांच्या हवामान कामांना पैसा देणाऱ्या हरित हवामान निधीला ३ अब्ज डॉलर कबूल केले. १ अब्ज दिल्यानंतर सरकार बदललं आणि ट्रम्प यांनी उरलेले २ अब्ज थांबवले. निधीकडे ते वसूल करण्याचा कुठलाच मार्ग नव्हता.

निर्णय हातात आला की म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: यात देशानिहाय वाटा लिहिलाय का? बाकूच्या निर्णयातही तो नाही.

पायरी २: १९९२ च्या यादीत कोण आहे ते बघा

पैसे कुणी द्यायचे हा वाद मुळात एका यादीचा आहे. १९९२ च्या कराराचं कलम ३ सांगतं की जबाबदारी सर्वांची आहे, पण सारखी नाही, आणि विकसित देशांनी पुढाकार घ्यावा. विकसित कोण, हे परिशिष्टात नावं देऊन सांगितलंय. पैसे देण्याचं बंधन ज्यांच्यावर आहे ते परिशिष्ट दोनमधले देश म्हणजे, ढोबळमानाने, तेव्हा ओईसीडी या श्रीमंत देशांच्या गटात असलेले.

ती यादी त्या काळात गोठली. दक्षिण कोरिया ओईसीडीमध्ये १९९६ साली आला, म्हणून तो यादीत नाही. सिंगापूर, कतार, सौदी अरेबिया नाहीत. चीन नाही. आज कतारच्या माणसाचं सरासरी उत्पन्न पोर्तुगालच्या माणसापेक्षा कितीतरी जास्त आहे, पण करारानुसार देणारा पोर्तुगाल आहे.

श्रीमंत देशांचं म्हणणं इथून सुरू होतं: जग बदललं, देणारे वाढवा. त्यात तथ्य आहे आणि ते नाकारून वाचायला बसलात तर बाकूचा निम्मा मजकूर समजणार नाही. पण हीच मागणी आपली जुनी थकबाकी लपवायलाही वापरली जाते. ‘आधी चीनला बोलवा, मग आमचा आकडा सांगतो’ असं म्हटलं की स्वतःचा आकडा लांबणीवर टाकता येतो. बाकूत श्रीमंतांचा आकडा अधिकृत मसुद्यात यायला परिषदेचा ठरलेला शेवटचा दिवस उजाडावा लागला.

पायरी ३: दोष मोजायची पट्टी कुठली, ते विचारा

ही पायरी छोटी आहे, पण गाळू नका. आजचं वार्षिक उत्सर्जन मोजलं तर चीन पहिला, जगाच्या जवळपास एक तृतीयांश. १८५० पासून कोळसा, तेल आणि वायू जाळून साचलेला कार्बन डायऑक्साइड मोजला तर अमेरिका पहिली, साधारण एक चतुर्थांश. भारत तीन-चार टक्क्यांच्या आसपास. १९९० पासूनची बेरीज केली तर चीन अमेरिकेच्या पुढे जातो. माणशी मोजलं तर भारतीय वर्षाला सुमारे २ टन, अमेरिकन सुमारे १४ टन.

यातली एकही पट्टी खोटी नाही. म्हणूनच आलेख दिसला की आधी त्याचं सुरुवातीचं वर्ष बघा आणि भागाकार लोकसंख्येने केलाय का ते बघा. आलेख कुणी काढलाय याचा अंदाज तेवढ्यावरूनच येतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर तापमान साचलेल्या वायूने वाढतं, म्हणून साठा मोजणं न्यायाला जास्त धरून आहे. पण १९९० नंतरचं उत्सर्जन सगळं माहीत असताना केलेलं आहे, आणि चीनला त्यातून सूट मागता येणार नाही.

पायरी ४: मसुदा वाचताना कंस मोजा

परिषद चालू असताना मसुदे रोज बदलतात. ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात [ ] असतात. कधी कंसात दोन-तीन पर्याय असतात, कधी आकड्याच्या जागी नुसतं X. बाकूत २१ नोव्हेंबरच्या मसुद्यात रकमेच्या जागी X च होता. २२ तारखेच्या मसुद्यात २५० अब्ज आले. अंतिम निर्णयात ३०० झाले.

प्रत्येक मसुदा तारीख आणि वेळेसकट उतरवून ठेवा. मागचा आणि नवा शेजारी ठेवून फक्त काय गायब झालं ते शोधा. नवीन आलेल्या शब्दांची बातमी सगळे करतात, गेलेल्या शब्दांची फार थोडे. गेलेले शब्द सहसा कमजोर गटाचे असतात. बाकूत सर्वात अविकसित देशांनी स्वतःसाठी वर्षाला किमान २२० अब्ज आणि छोट्या बेटांनी ३९ अब्ज राखून ठेवण्याची मागणी केली होती. अंतिम निर्णयात असा राखीव वाटा नाही. २३ तारखेला हे दोन्ही गट बैठकीतून उठून बाहेर गेले, त्यामागे ही मागणीही होती.

इथला सापळा म्हणजे ‘गरीब देश’ असा एकच गट धरून चालणं. जी-७७ आणि चीन या गटात सव्वाशेहून जास्त देश आहेत आणि त्यात सौदी अरेबिया आणि मलावी शेजारी बसतात. बेटांना राखीव वाटा दिला तर बाकीच्यांना उरतं किती, ही चिंता गटाच्या आतही असते. श्रीमंतांमध्ये वाटा ठरत नाही तसा घेणाऱ्यांमध्येही ठरत नाही.

पायरी ५: निर्णयातलं वाक्य सुटं करा

आता पेन्सिल घ्या. बाकूच्या निर्णयाचे सातवा आणि आठवा परिच्छेद समोर ठेवा, आणि प्रत्येकासाठी तीन गोष्टी लिहा: कर्ता कोण, क्रियापद किती पक्कं, कुठला पैसा मोजला जाणार.

सातवा परिच्छेद १,३०० अब्जांचा आहे. जी-७७ ने मागितलेला आकडा हाच, म्हणून तो मिळाला असं वाटतं. कर्ता शोधा: ‘सर्व घटक’. म्हणजे सरकारं, बँका, खासगी गुंतवणूकदार, घेणारे देश स्वतःसुद्धा. क्रियापद: त्यांना एकत्र काम करण्याचं ‘आवाहन’ केलंय. मुदत २०३५. यात कुणावरही काहीही देणं लागत नाही.

आठव्या परिच्छेदात ३०० अब्ज आहेत. इथे क्रियापद पक्कं आहे, परिषद उद्दिष्ट ठरवते. पण कर्त्याकडे नीट बघा: विकसित देश ‘पुढाकार घेऊन’. हे शब्द ओळखीचे वाटायला हवेत. पॅरिस कराराच्या कलम ९ च्या पहिल्या परिच्छेदात विकसित देशांनी विकसनशील देशांना पैसा पुरवायचा आहे असं बंधन आहे, इंग्रजीत तिथे ‘शॅल’ आहे. तिसऱ्या परिच्छेदात विकसित देशांनी पैसा उभा करण्यात पुढाकार घेत राहावा असं म्हटलंय, तिथे ‘शुड’ आहे. बाकूचं वाक्य तिसऱ्या परिच्छेदाच्या वळणाचं आहे. पुरवणं म्हणजे आपल्या तिजोरीतून देणं. उभा करणं म्हणजे इतरांकडून येईल अशी व्यवस्था करणं. भारताच्या आक्षेपांपैकी हा एक होता.

पॅरिसमध्ये असाच एक शब्द शेवटच्या दिवशी अख्खा करार अडवून बसला होता. उत्सर्जन कपातीच्या कलम ४ मध्ये विकसित देशांसाठी ‘शॅल’ छापलं गेलं, अमेरिकेला ते सिनेटपुढे न्यावं लागलं असतं, आणि मग ती छपाईतली चूक असल्याचं जाहीर करून ‘शुड’ केलं गेलं. क्रियापदांवरून रात्र रात्र भांडण होतं ते यासाठी.

तिसरा रकाना, कुठला पैसा. आठवा परिच्छेद म्हणतो सार्वजनिक, खासगी, द्विपक्षीय, बहुपक्षीय, पर्यायी, सगळे स्रोत. पुढे एक उपकलम आहे: बहुपक्षीय विकास बँकांकडून जाणारा हवामानाचा सगळा पैसा या उद्दिष्टात मोजण्याचा देशांचा ‘ऐच्छिक इरादा’ परिषद लक्षात घेते. जागतिक बँक, आशियाई विकास बँक यांसारख्या बँकांमध्ये भारत आणि चीनचंही भांडवल आहे. १०० अब्जांच्या हिशोबात या बँकांच्या पैशातला विकसित देशांच्या वाट्याचा भागच धरला जायचा. आता सगळाच धरता येईल. चीनला देणाऱ्यांच्या यादीत न घालता त्याच्या भांडवलाचा वाटा बेरजेत आणायची ही वाट आहे. श्रीमंतांना देणारे वाढल्याचं सांगता येतं, चीनला आपण काहीच कबूल केलं नाही असं सांगता येतं. नवव्या परिच्छेदात विकसनशील देशांना ऐच्छिक योगदानाचं प्रोत्साहन आहे, तेही याच तडजोडीचं अंग.

पायरी ६: आकडा फोडून बघा

ओईसीडीच्या मोजणीप्रमाणे १०० अब्जांचं वचन दोन वर्षं उशिरा, २०२२ मध्ये पूर्ण झालं. त्या वर्षी रक्कम ११५.९ अब्ज होती. त्यातला बहुपक्षीय संस्थांचा, विकसित देशांच्या वाट्याचा भाग ५०.६ अब्ज. बाकूतच विकास बँकांनी जाहीर केलं की २०३० पर्यंत त्या अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना वर्षाला १२० अब्जांपर्यंत हवामान वित्त देतील आणि आणखी ६५ अब्ज खासगी क्षेत्रातून आणतील. बेरीज १८५. म्हणजे श्रीमंत सरकारांनी अंदाजपत्रकात फारसं काही न वाढवताही ३०० च्या निम्म्याहून पुढे जाता येतं.

आता महागाई. निर्णयात तिची सोय नाही. वर्षाला ३ टक्के धरा आणि २०३५ चे ३०० अब्ज २०२४ च्या किमतीत आणा: ३०० भागिले १.०३ चा अकरावा घात, उत्तर सुमारे २१७. ‘तिप्पट’ हा शब्द वापरण्याआधी हे गणित करून बघा.

मग विचारा, अनुदान किती आणि कर्ज किती. २०२२ च्या सार्वजनिक पैशात कर्जाचा वाटा ६९ टक्के होता, अनुदानाचा २८ टक्के. ओईसीडी कर्जाची पूर्ण रक्कम मोजते, जरी ती व्याजासह परत जाणार असली तरी. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने त्याच वर्षाचं खरं मोल फार तर ३५ अब्ज धरलं. २०१५ मध्ये हाच वाद भारताने घातला होता: ओईसीडी २०१४ साठी ६२ अब्ज म्हणत होती, आपल्या अर्थ मंत्रालयाच्या टिपणात विश्वासार्ह आकडा २.२ अब्ज होता. इतकी तफावत चोरीमुळे आलेली नाही. काय मोजायचं याची व्याख्याच करारात नाही, म्हणून ती येते.

कर्ज आणि अनुदान यांतला फरक आपल्या किनाऱ्यावर येऊन बघता येतो. हरित हवामान निधीने २०१८ मध्ये भारताच्या किनारपट्टीसाठी सुमारे ४३ दशलक्ष डॉलरचं अनुदान मंजूर केलं. आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्र ही तीन राज्यं त्यात आहेत, आणि महाराष्ट्रातला भाग सिंधुदुर्गाचा. तिथे कांदळवन लावणं, खेकडापालन असली कामं आहेत. सौरऊर्जेचा प्रकल्प वीज विकून कर्ज फेडतो. कांदळवन वादळाची लाट अडवतं, पण त्याचं बिल कुणाला पाठवणार? हवामान बदलाशी जुळवून घेण्याची बहुतेक कामं अशी असतात. त्यांना अनुदानच लागतं, आणि खासगी पैशावर बेतलेल्या आकड्यात त्यांचीच उपासमार होते.

पायरी ७: हातोडा कधी पडला ते नोंदवा

परिषदेत मतदान होत नाही. मतदानाचा नियम पहिल्या परिषदेपासून मसुद्यातच पडून आहे, कारण त्यावरही एकमत झालं नाही. म्हणून सहमती लागते, आणि सहमती झाली की नाही हे अध्यक्ष ठरवतात. २००९ मध्ये काही देश अडून बसले आणि कोपनहेगनच्या मसुद्याची फक्त ‘नोंद’ झाली. २०१० मध्ये कानकुनला बोलिव्हिया विरोध करत असताना अध्यक्षांनी हातोडा मारला आणि निर्णय झाला.

बाकूत २४ नोव्हेंबरच्या पहाटे अध्यक्ष मुख्तार बाबायेव यांनी निर्णय झाल्याचं जाहीर केलं आणि मग भारताला बोलू दिलं. रैना यांनी आधी बोलायची विनंती केली होती असं सांगितलं आणि निर्णय फेटाळला. क्युबा, बोलिव्हिया, नायजेरिया यांनीही टीका केली. आक्षेप इतिवृत्तात जातो, निर्णय कायम राहतो. म्हणून बातमीत ‘भारताने निर्णय रोखला’ किंवा ‘भारताने मान्य केला’ असं दोन्ही लिहू नका. ‘निर्णय झाल्यावर भारताने आक्षेप नोंदवला’ हे बरोबर.

बाकीच्या गरीब देशांनी तो का चालवून घेतला? ट्रम्प त्याच महिन्यात निवडून आले होते, जर्मनीचं आघाडी सरकार कोसळलं होतं. पुढच्या वर्षी समोर बसणारे याहून कमी देतील अशी भीती होती. ज्याला थांबणं परवडत नाही तो कमी भावात सौदा करतो, आणि समुद्र दाराशी आलेल्या देशाला थांबणं सगळ्यात कमी परवडतं.

पायरी ८: परिषद संपल्यावर तक्ते उघडा

पॅरिस करारात शिक्षा नाही, पण हिशोब देणं आहे. विकसित देशांना दर दोन वर्षांनी पारदर्शकता अहवाल द्यावा लागतो. पहिल्या अहवालाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, पुढच्याची ३१ डिसेंबर २०२६. हे अहवाल unfccc.int वरच असतात आणि त्यांच्यासोबत पैशाचे तक्ते असतात. सगळे देश एकदम घेऊ नका. एक देश निवडा, जपान किंवा फ्रान्स. कर्जाचं प्रमाण या दोघांकडे मोठं आहे, त्यामुळे फरक लगेच दिसेल. तक्त्यात तीन रकाने शोधा: घेणारा देश, साधन म्हणजे अनुदान की कर्ज, आणि पैसा खरोखर दिला की फक्त कबूल केला. भारताच्या नावापुढच्या ओळी वेगळ्या काढा. त्यात मेट्रोसारखे प्रकल्प दिसले, तर त्या कर्जातली किती रक्कम हवामानाच्या नावे लावली आहे ते बघा आणि आपल्या वहीत ते कर्जाच्या बाजूला टाका. बाकूच्या निर्णयाचा आढावा २०३० मध्ये व्हायचा आहे. तोवर अशा अहवालांच्या दोन-तीन फेऱ्या तुमच्याकडे जमा झालेल्या असतील.